धागा: चाकणहून माझ्या जुन्या इन्स्पेक्टरबद्दल विचारणा आलीये, उत्तर कसं लिहू?

भट्टीवाला_कुपवाड

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी नऊ वर्षं क्वालिटीचा मॅनेजर होतो. दीड वर्षापूर्वी ती सोडली, आता मिरजेला दुसऱ्या कारखान्यात आहे. जुन्या ठिकाणी माझ्या हाताखाली साडेतीन वर्षं एक मुलगी इन्स्पेक्टर होती, मेटलर्जीचा डिप्लोमा केलेली. चाकणच्या एका कंपनीत तिचं सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी जवळजवळ ठरत आलंय. म्हणजे आपल्यासारख्या फाउंड्र्यांत फिरायचं, माल तपासायचा, आणि चूक असेल तर तिथल्या लोकांकडूनच दुरुस्त करून घ्यायची. रेफरन्सला माझं नाव देण्याआधी तिनं मला फोन करून विचारलं होतं.

परवा तिकडच्या एचआरमधल्या बाईंचा मेल आला. किती काळ ओळखता, काम कसं होतं, जमेच्या बाजू कोणत्या, सुधारणा कुठं हवी, लोकांशी वागणं कसं, नोकरी का सोडली, परत कामावर घ्याल का. शिवाय सचोटी, वक्तशीरपणा वगैरेंना दहापैकी गुण द्या म्हणे.

मी लिहिलं, "हुशार, मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळून मिसळून वागणारी. पुढील वाटचालीस शुभेच्छा." बायकोनं वाचलं आणि म्हणाली, हे नगरसेवकाच्या पत्रकातलं वाटतंय. तिचं खरं आहे. आणि "मिळून मिसळून" तर सरळ खोटं आहे. पोरगी कामाला एक नंबर, पण जीभ तिखट. दुसरी अडचण, तीस दिवसांची नोटीस होती आणि ती बाराव्या दिवशी गेली. त्यावर मालक अजून धुमसतात. पोरीचं नुकसान करायचं नाही आणि खोटंही लिहायचं नाही. कसं लिहावं?

नाद_एकच_९

काका, पाच ओळी छान लिहा आणि विषय संपवा. कोण वाचतंय. सगळे तेच लिहितात.

पेव_आणि_हळद

आमच्या मार्केट यार्डात याला मेल लागत नाही. अडत्याला फोन करायचा, "माणूस कसा हाय?" तो म्हणणार, "बरा हाय." संपलं. सांगलीत "बरा हाय" म्हणजे लाखात एक. 😄

सुलभा_विश्रामबाग

पेव दादा, तुमचा "बरा हाय" चालतो कारण अडत्या तुम्हाला वीस वर्षं ओळखतो आणि तुम्ही त्याला. चाकणच्या माणसानं "बरी आहे" वाचलं की त्यानं फाईल खाली सरकवलीच. तो भट्टीवाल्यांना ओळखत नाही. त्यामुळं मुलगी कशी आहे याच्याही आधी त्याला एक गोष्ट कळायला हवी: लिहिणाऱ्यानं तिला किती जवळून पाहिलंय.

मी बावीस वर्षं एचआरमध्ये काढली, आधी पुण्यात आणि आता इथं. असे मेल पाठवलेत आणि वाचलेतही. भट्टीवाले, उत्तर लिहायच्या आधी दोन गोष्टी करा. मेल कंपनीच्याच पत्त्यावरून आलाय का ते बघा. नाव कंपनीचं आणि पत्ता फुकटातल्या मेलचा असेल तर थांबा. मग कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर लावून त्या बाईंना मागा. मेलच्या खाली छापलेला नंबर लावू नका, तो कुणाचाही असू शकतो. दुसरी कंपनी भरती करतेय असं भासवून पगाराचे आकडे काढून घेणारे मी पाहिलेत.

दुसरं म्हणजे, तुम्ही स्वतःच ती फाउंड्री सोडलीय. तेव्हा तारखा, पगार, हिशोब हे तुम्ही सांगू नका. त्यांना जुन्या ऑफिसकडं पाठवा. मिरजेच्या कंपनीचं लेटरहेड आणि तिचा मेलही वापरू नका. तुम्ही "पूर्वीचा मॅनेजर" म्हणून वैयक्तिक उत्तर देताय, हे पहिल्याच ओळीत येऊ द्या.

मिरज_जंक्शन

धागा वाचून बरं वाटलं. माझा पुतण्या बी.कॉम. झालाय, टॅली येतं. भट्टीवाले काका, त्यालाही असं एक शिफारसपत्र द्याल का? मजकूर मी टाइप करून आणतो, तुम्ही फक्त सही करा.

भट्टीवाला_कुपवाड

जंक्शन दादा, मी पुतण्याला ओळखत नाही हो. 🙏

सुलभाताई, आभार. पत्ता कंपनीचाच आहे, आज फोन करून खात्रीही केली. आता मजकुराचं सांगा.

सुलभा_विश्रामबाग

"मेहनती" हा शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. स्वतःला एवढंच विचारा: त्या साडेतीन वर्षांत असं काय घडलं, जे त्या खुर्चीत दुसरं कुणी असतं तर घडलं नसतं? ते इथं लिहा. नीटनेटकं नको, आठवेल तसं.

भट्टीवाला_कुपवाड

आठवायला नको, तोंडपाठ आहे.

आम्ही पंपाची बॉडी ओतायचो. एका पावसाळ्यात गिऱ्हाइकाकडून माल परत यायला लागला. मशीनिंग केलं की आतून भोकं निघायची. मोल्डिंगवाले म्हणायचे धातू गार होता, भट्टीवाले म्हणायचे वाळू ओली होती. रोज तोच तमाशा. हिनं काय केलं, परत आलेले पाच-सहा नग करवतीनं कापले आणि भोकाची आतली बाजू बघितली. आत गुळगुळीत, चकचकीत होतं. धातू आकसल्यामुळं भोक पडलं असतं तर आतून खडबडीत असतं. म्हणजे हा गॅस होता. आणि भोकं सगळी कोअरच्या बाजूला, म्हणजे बॉडी आतून पोकळ राहावी म्हणून साच्यात वाळूचा जो गाभा ठेवतात त्या बाजूला.

आमचे कोअर सिलिकेटचे, सीओटू गॅस मारून कडक केलेले. रजिस्टरला आम्ही फक्त हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या धातूच्या एकेका खेपेचा नंबर लिहायचो. कोअर कुठल्या दिवशी केला याची नोंद कुणीच ठेवत नव्हतं. हिनं रॅकवर रोज वेगळ्या रंगाचा ठिपका द्यायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी केलेले कोअर, जे सुट्टीनंतर वापरात यायचे, त्यांच्याच मालात भोकं. पावसाळी हवेत दीड दिवस पडून त्यांनी ओल धरलेली.

तरी कुणी मानेना. मग तिनं सुट्टी ओलांडलेले दोन रॅक घेतले. एक ओव्हनमध्ये वाळवला, दुसरा तसाच ठेवला, आणि दोन्ही एकाच हीटमध्ये ओतायला लावले. वाळवलेल्यांचा माल स्वच्छ, दुसऱ्यात भोकं. त्या दिवसापासून सुट्टीनंतर जुना कोअर वाळवल्याशिवाय साच्यात जायचा नाही, असा नियमच झाला. गिऱ्हाइकाकडून परत येणारा माल शंभरात आठवरून दोनावर आला.

खरं सांगायचं तर मी स्वतः महिनाभर धातूच्या तापमानामागं लागलो होतो.

सुलभा_विश्रामबाग

झालं की पत्र! दोन गोष्टी बघा. गिऱ्हाइकाचं नाव येऊ देऊ नका आणि "आठवरून दोनावर" काढा. ते आकडे जुन्या कंपनीचे आहेत, ते बाहेर द्यायचा हक्क तुम्हाला नाही. आणि आता रजिस्टरही तुमच्याकडं नाही. "लक्षणीय घट झाली, नेमके आकडे माझ्याकडं नाहीत" एवढं पुरतं. वाचणारा क्वालिटीचा माणूस असेल तर तो आकड्यावर जाणारच नाही. करवत, ठिपका आणि एका हीटमधले दोन रॅक वाचले की त्याला कळतं ही बाई कशी विचार करते. शेवटची तुमच्या तापमानाची ओळ मात्र ठेवा.

कोर्टकचेरी_सांगली

जरा थांबा. मी तर म्हणतो, फक्त नोकरीच्या तारखा आणि पद द्या, बाकी तोंड बंद. "तिखट जीभ" लिहिलंत आणि नोकरी गेली तर मानहानीची केस बसेल. हां, पण खरं असेल तर काही होत नाही. खरं बोलणं ही मानहानी नसते.

वकील_गावभाग

कोर्टकचेरी, अर्धं बरोबर आहे तुमचं. फौजदारी मानहानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आधी भादंवि ४९९ होतं. तिथल्या पहिल्या अपवादात नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं असावं लागतं. इथं जास्त कामाचा आहे तो नववा अपवाद: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेनं केलेलं विधान. पण कायद्याच्या लेखी सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेऊन. ऐकीव गोष्ट खरी म्हणून ठोकून दिली तर सद्भावना उरत नाही.

आणि "फक्त तारखा द्या" हा काही कंपन्यांचा अंतर्गत नियम असतो, कायदा तसं म्हणत नाही. इंग्लंडमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं १९९४ साली स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अॅश्युरन्स या खटल्यात म्हटलं की रेफरन्स देणाऱ्या मालकानं जुन्या नोकराबाबत योग्य ती काळजी घेतली पाहिजे, निष्काळजीपणानं चुकीचं लिहिलं तर तो जबाबदार. आपल्याकडं तो निकाल बंधनकारक नाही, पण लिहिताना ती कसोटी समोर ठेवायला हरकत नाही.

कोर्टकचेरी_सांगली

तरी मी तारखाच दिल्या असत्या.

चारचाकी_इस्लामपूर

माझं ऐका. चार वर्षांपूर्वी मला एका ठिकाणाहून ऑफर येणार होती. त्यांनी माझ्या जुन्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "मुलगा चांगला आहे... पण..." आणि थांबले. समोरच्यानं विचारलं, पण काय? तर म्हणाले, "नाही नाही, तसं काही नाही." हे मला तिथल्याच ओळखीच्या माणसानं नंतर सांगितलं. ऑफर आली नाही. त्या "पण"च्या पुढं काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही. दोनदा उशिरा आलो असेन, किंवा साहेबांना नुसता खोकला आला असेल. त्यांनी "हिशोबात दोनदा चुकला" असं स्पष्ट म्हटलं असतं तरी चाललं असतं, मी उत्तर तरी दिलं असतं.

सुलभा_विश्रामबाग

चारचाकी, वाईट वाटलं. म्हणूनच मी लेखी उत्तर द्या म्हणते. आणि भट्टीवाले, तिखट जिभेचं गाळू नका. ही जागाच दुसऱ्यांच्या कारखान्यात जाऊन त्यांच्या चुका दाखवायची आहे आणि त्यांनी लोकांशी वागण्याबद्दल सरळ विचारलंय. पण "जीभ तिखट" हा शेरा झाला. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं, किती वेळा, केव्हा, आणि पुढं काय झालं?

भट्टीवाला_कुपवाड

मी समोर असताना म्हणाल तर दोनदा. मोठा प्रकार एकच. ती येऊन आठ-नऊ महिने झाले असतील. रात्रपाळीला मोल्डिंगच्या सुपरवायझरला, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला, सगळ्या कामगारांसमोर म्हणाली, "डोळे घरी ठेवून येता काय?" तासभर लाइन बंद. दुसऱ्या दिवशी दोघांना माझ्या केबिनमध्ये चहाला बसवलं. ती माफी मागायला तयार होती, तो ऐकायला तयार नव्हता.

पण त्यानंतर तिची पद्धत बदलली. खराब नग घेऊन त्या माणसाच्या टेबलावर ठेवायची, खडूनं गोल करायची आणि गप्प उभी राहायची. तो विचारायचा, ती दाखवायची. शेवटच्या दीड वर्षात मी तरी आवाज चढलेला ऐकला नाही. गंमत म्हणजे ती गेली तेव्हा निरोपाला पेढे त्याच सुपरवायझरनं आणले होते.

बाकी तिच्या तोंडाबद्दल जे ऐकलं ते डिस्पॅचवाल्यांकडून, आणि त्यांचा माल ती अडवायची.

सुलभा_विश्रामबाग

मग डिस्पॅचवाले पत्रात येत नाहीत. ते ऐकीव आहे. 🙂

नाद_एकच_९

लग्न झालंय का तेही लिहा काका. बाहेरगावी फिरतीची नोकरी, घरचे सोडतील का हे कंपनीला कळायला नको?

सुलभा_विश्रामबाग

नाद, हे तिचं तिला विचारू दे त्यांना, आणि खरं तर त्यांनीही विचारू नये. फिरायला तयार आहे का, हा प्रश्न चालतो. लग्न, मूल, घरातलं आजारपण, जात हे रेफरन्समध्ये येत नाही. चांगल्या हेतूनंसुद्धा नाही.

भट्टीवाला_कुपवाड

ताई, इथंच माझं घोडं अडलंय. बाराव्या दिवशी ती का गेली ते मला माहिती आहे, घरातलंच कारण होतं आणि अगदी खरं. ते लिहिलं तर कुणीही समजून घेईल. न लिहिलं तर "नोटीस अर्धवट टाकून गेली" एवढंच उरतं.

सुलभा_विश्रामबाग

उरलेल्या अठरा दिवसांचं काय झालं? पैसे कापले?

भट्टीवाला_कुपवाड

हो, फायनल सेटलमेंटमधून कापले. अपॉइंटमेंट लेटरमध्ये तसं कलमच होतं. आणि त्या बारा दिवसांत तिनं सगळी गेजं आणि त्यांची कॅलिब्रेशनची फाईल नवीन मुलाच्या हातात देऊन सह्या घेतल्या होत्या.

सुलभा_विश्रामबाग

मग "अर्धवट टाकून गेली" हे म्हणणंच अर्धं खोटं आहे. करारात दोन वाटा होत्या, तिनं दुसरी घेतली आणि पैसे भरले. तुमच्या मालकांचा राग त्यांच्यापाशी. कारण लिहू नका. तिला फोन करून विचारा, तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

पेव_आणि_हळद

आणि दहापैकी गुणांचं काय? आमच्या वेळी मास्तर दहापैकी सात दिले की पेढे वाटायचे. आता नऊ दिले तर पोरं रडतात.

सुलभा_विश्रामबाग

पेव दादांनी उत्तरच दिलं. तुमचे सात आणि चाकणचे सात एक नसतात. रकाने कोरे ठेवा आणि कारण एका ओळीत लिहा.

भट्टीवाला_कुपवाड

काल रात्री तिच्याशी बोललो. घरचं कारण ती स्वतः सांगणार म्हणाली. रात्रपाळीचा प्रसंग लिहितोय हेही सांगितलं. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "लिहा सर, पण पेढ्यांचं पण लिहा." मूळ इंग्रजीत आहे, इथं मराठीत टाकतो. ओळख पटू नये म्हणून या धाग्यात मी काही तपशील मुद्दाम बदललेत, कुणी शोधाशोध करू नका.

"महोदया, मी हे उत्तर त्यांचा पूर्वीचा मॅनेजर म्हणून वैयक्तिकरीत्या देत आहे. साडेतीन वर्षं त्या थेट माझ्या हाताखाली क्वालिटी इन्स्पेक्टर होत्या आणि आम्ही रोज एकत्र काम करत होतो. मी स्वतः ती कंपनी सोडली असल्यानं तारखा, वेतन व अंतिम हिशोब यांची खात्री कृपया कंपनीच्या कार्यालयाकडून करावी.

त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे दोषाचं कारण पुराव्यानं शोधणं. एका पावसाळ्यात कास्टिंगमध्ये वारंवार पोकळ्या निघत होत्या. त्यांनी सदोष नग कापून त्या गॅसच्या आहेत हे दाखवलं, कोअर बनवल्याच्या दिवसाची नोंद स्वतःहून सुरू केली, आणि ओल धरलेले व वाळवलेले कोअर एकाच हीटमध्ये ओतून कारण सिद्ध केलं. त्या काळात मी स्वतः धातूच्या तापमानात कारण शोधत होतो; त्यांनी ते वेगळ्या ठिकाणी आहे हे मला पटवून दिलं. त्यानंतर तक्रारींत लक्षणीय घट झाली. नेमके आकडे माझ्याकडं नाहीत.

दुसरी बाजू: डिस्पॅचची घाई असतानाही त्यांनी शंकास्पद माल माझ्या लेखी मंजुरीशिवाय सोडल्याचं मला आठवत नाही.

लोकांशी वागण्याबाबत: पहिल्या वर्षी एका वरिष्ठ सुपरवायझरला त्या सर्वांसमोर कठोर बोलल्या आणि काम तासभर थांबलं. मी दोघांशी बोललो. त्यानंतर त्यांनी दोष प्रत्यक्ष नगावर, संबंधित माणसाला एकट्याला दाखवण्याची पद्धत स्वीकारली. शेवटच्या दीड वर्षात तसा प्रसंग माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्या निरोपाला पेढे त्याच सुपरवायझरनं आणले होते. सुरुवातीला अनोळखी सप्लायरकडं पाठवताना कुणी अनुभवी सहकारी सोबत असल्यास उपयोग होईल, असं माझं मत आहे.

लेखी रिपोर्ट महिनाअखेरीस उशिरा यायचे. त्यात एका माणसावर दोन पाळ्यांचं काम टाकल्याचा माझाही वाटा होता.

नोकरी सोडण्याचं कारण त्यांनीच सांगणं योग्य. जाण्यापूर्वी त्यांनी कामाचा ताबा नोंदीसह पूर्ण दिला. गुणांचे रकाने कोरे ठेवले आहेत, कारण आपली मोजपट्टी मला माहीत नाही. परत कामावर घेण्याबाबत जुन्या कंपनीच्या वतीनं मी बोलू शकत नाही. माझ्या विभागात अशी जागा असती तर मी त्यांना बोलावलं असतं."

वकील_गावभाग

"मला आठवत नाही", "माझ्या पाहण्यात नाही" ही शब्दयोजना उत्तम. ढळू देऊ नका.

कोर्टकचेरी_सांगली

"अनुभवी सहकारी सोबत" हे कशाला? त्यांनी विचारलं नव्हतं. तेवढ्या एका ओळीनं पगार कमी लावतील बघा.

सुलभा_विश्रामबाग

इथं मीही साशंक आहे. घडलेला प्रसंग सांगणं तुमचं काम, तिला कसं वापरायचं हे त्यांचं. पण ज्याला तिला घ्यायचंय त्याला त्या ओळीचा उपयोग होईल, हेही खरं. तुम्ही ठरवा.

भट्टीवाला_कुपवाड

ठेवली ओळ. मेल सोमवारी गेला. आज तिथल्या क्वालिटी हेडचा फोन आला, एचआरचा नव्हे. पंधरा मिनिटांतली दहा ते ओव्हनबद्दलच विचारत होते, किती तापमान, किती वेळ, त्यांच्या एका सप्लायरकडं हीच भानगड चाललीय म्हणे. म्हटलं, ते जुन्या कंपनीचं आहे, मी सांगणार नाही. मग शेवटी विचारलं, "ती भांडते का हो?" मी म्हटलं, मेलमध्ये लिहिलंय तेवढंच, त्यापेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही. "ठीक आहे" म्हणाले आणि ठेवला. आवाजावरून काही कळलं नाही.

चारचाकी_इस्लामपूर

"पण" म्हणाले नाहीत ना?

भट्टीवाला_कुपवाड

नाही म्हणाले. 😄

मिरज_जंक्शन

पुतण्याला घेऊन उद्या संध्याकाळी आलो तर चालेल का? एकदा ओळख तरी होईल.